‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हण

लग्नाला २३ वर्षं झाल्यावर एका रात्री मी स्वतःच्याच खोलीतून चोरपावलांनी बाहेर पडलो. काखेत उशी, खांद्यावर पांघरूण, आणि कडी वाजू नये म्हणून श्वास रोखलेला. अडीच वाजले होते. पलीकडच्या खोलीत एक दिवाण आहे, त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. ढीग खाली ठेवला, आडवा झालो आणि पाच मिनिटांत झोपलो. सकाळी उठलो तो शीळ घालतच.

बायको दारात उभी होती. "कधी गेलास?" तिने विचारलं.

"असेल दोन-अडीच."

"मला तीनला जाग आली. हात टाकला तर गादी गार." एवढंच म्हणाली आणि वळली. माझी शीळ तिथेच थांबली.

मी गेलो होतो तिच्या घोरण्यामुळे. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकतो, तेव्हा मला ते घरात उच्चारता येत नव्हतं. नवरा घोरतो ही घराघरातली गंमत असते. बायको घोरते हे मात्र कुणी बोलत नाही, आणि जिला ते ऐकावं लागतं तिला ते आपल्या बाईपणावरच बोट ठेवल्यासारखं वाटतं. तिचं घोरणं पूर्वीपासूनचं नव्हतं. पन्नाशीच्या आसपास पाळी थांबली आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत ते सुरू झालं, वाढत गेलं. हे अगदी नेहमीचं आहे, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. पाळी चालू असेपर्यंत शरीरातली संप्रेरकं घशाच्या स्नायूंना थोडं ताठ ठेवायला मदत करतात. ती ओसरली की झोपेत घसा सैल पडतो, वाट अरुंद होते आणि जाणारा-येणारा श्वास तिथल्या मऊ भागांना थरथरवतो. म्हणजे इतक्या वर्षांत जे नव्हतं ते अचानक आलं, त्यात तिचा काहीच हात नव्हता.

माझी बाजूही सांगायला हवी. माझी झोप मुळातच सावध. रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत झोप सगळ्यात गाढ असते, तेव्हा मला फारसं काही ऐकू यायचं नाही. पण दोननंतर झोप पातळ होते, आणि मग एका घोरण्यानेही मी टक्क जागा. इथवर दोष आवाजाचा. त्यापुढचा माझा. जाग आली की मी पुढच्या आवाजाची वाट बघत पडायचो. ती गप्प असली तरी वाट बघायचो. घड्याळ बघायचो, उरलेले तास मोजायचो, कूस बदलायचो. असं वर्षभर झालं की गादीला पाठ टेकताच शरीर पहाऱ्यावर उभं राहतं. त्यामुळे कानात बोळे घालून फार उपयोग झाला नाही. बोळ्यांनी बोलण्याचा आवाज कमी होतो, घोरण्यातला खर्जाचा भाग उशीतून आणि गादीतूनही पोचतो, आणि उरलेलं काम माझी वाट बघणं करायचं. पंखा मोठा करून पाहिला, तिच्या आधी झोपून पाहिलं. दोघांची पांघरुणं वेगळी केली, तेवढ्याने मात्र रात्रीची ओढाताण खरंच संपली. ज्यांचं भांडण फक्त पांघरुणाचं किंवा उकाडा-गारठ्याचं आहे, त्यांनी खोली सोडण्याआधी दोन पांघरुणं करून बघावीत.

मग मी एक मोठी चूक केली. तिला पटत नव्हतं की ती एवढं घोरते. "बारीक आवाज येत असेल," ती म्हणायची. मी एका रात्री फोनवर तिचं घोरणं रेकॉर्ड केलं आणि सकाळी तिला ऐकवलं. मला वाटलं, पुरावा दिला की वाद मिटेल. तिने साधारण वीस सेकंद ऐकलं. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मी झोपलेली असताना तू उशाशी फोन धरून बसला होतास?" तिने विचारलं. ती घोरते की नाही हा प्रश्न त्या क्षणी संपला आणि तिच्या नकळत मी काय केलं हा प्रश्न सुरू झाला. बरोबरच होतं तिचं. झोपलेल्या माणसाला आपण कसे दिसतो, कसे ऐकू येतो यावर काहीच ताबा नसतो. तिथे जे दिसतं ते सांभाळायची जबाबदारी शेजारी झोपणाऱ्याची.

त्यानंतर चार दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होतं. आणि मला उशिरा लक्षात आलं की ती रात्री माझी झोप लागेपर्यंत जागी राहायला लागली आहे. मी आधी झोपावं म्हणून. उताणी न झोपता भिंतीकडे तोंड करून, अंग आवळून. एका बिछान्यात आम्ही दोघं एकमेकांच्या झोपेवर पहारा देत होतो.

मी माफी मागितली ती रेकॉर्डिंगबद्दल, घोरण्याच्या विषयाला हातही न लावता. हे दोन विषय एका दमात बोललो असतो तर माफीला "पण" चिकटला असता. खरं बोलणं त्यानंतर आठवड्याने झालं. वेळ मी विचारून घेतली: "मला झोपेबद्दल बोलायचंय, आत्ता नको, रविवारी फिरायला जाताना चालेल?" आधी सांगितल्यामुळे तिला तयारी करता आली, आणि चालताना एकमेकांच्या चेहऱ्याकडे सतत बघावं लागत नाही, हाही फायदा झाला. रात्री बिछान्यात हा विषय काढूच नये असं माझं ठाम मत आहे. तिथे दोघंही दमलेले असतात, एक जण आधीच चिडलेला असतो, आणि "मी दुसरीकडे झोपतो" हे वाक्य त्या वेळी शिक्षेसारखंच ऐकू येतं.

मी काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य "तू" ने सुरू करायचं नाही एवढं ठरवलं होतं. म्हणालो, "मला दोनला जाग येते, नंतर मी आवाजाची वाट बघत पडून राहतो. तू गप्प असलीस तरी. दिवसा मी चिडचिड करतो, ती तुझ्यावर निघते. मला काही दिवस वेगळं झोपून बघायचंय. तुझ्यापासून लांब जायचं म्हणून नाही. महिनाभर करू, मग परत बोलू."

ती बराच वेळ गप्प चालत राहिली. मग विचारलं, "आणि मला रात्री तू हवा असलास तर?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. माझा सगळा हिशोब झोपेच्या तासांचा होता. तिच्या लेखी तो बिछाना म्हणजे दिवसभरात मी निवांत सापडायची एकमेव जागा होती. ती पुढे म्हणाली, "दिवसभर तू कामात, मी कामात. दिवे घालवल्यावर तू जे काय अर्धवट बोलतोस ना, तेवढंच माझं." तिचं घोरणं मला ऐकू येत होतं, पण माझं हे अंधारातलं बोलणं तिच्या लेखी एवढं असेल, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं की ‘एकत्र झोपणं’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या आहेत. एक, शेजारी पडून राहणं, बोलणं, अंगाला अंग लागणं. दुसरी, प्रत्यक्ष निद्रा, जिच्यात दोघंही हजर नसतात. मला दुसरी वेगळी हवी होती. तिला पहिली गमवायची नव्हती. यात मुळात भांडण नव्हतंच, पण आम्ही ते एकाच शब्दात अडकवून ठेवलं होतं.

मग तिच्या अटी आल्या, आणि पुढे सगळं त्याच अटींवर तरलं. पहिली, ती झोपल्यावर मी गुपचूप निघून जायचं नाही. ती जागी असताना, दिवा चालू असताना, सांगून जायचं. गार गादीचा अनुभव तिला परत नको होता. दुसरी, भांडण झालेल्या रात्री वेगळं झोपायचं असेल तर ते तसं तोंडाने म्हणायचं: "आज मी रागात आहे म्हणून जातोय." नाहीतर रोजच्या जाण्यात राग लपवता येतो आणि समोरच्याला तो ओळखता येत नाही. तिसरी अट तिने पहिल्याच रात्री घातली. मी दारात उभा राहून "जातो" म्हटलं तर म्हणाली, "‘जातो’ काय म्हणतोस? ‘येतो’ म्हण." घराबाहेर पडताना मी कधीच ‘जातो’ म्हणत नाही. घरातल्या घरात जाताना मात्र तोंडातून नेमकं तेच निघालं होतं.

पण ही पहिली रात्र येण्याआधी एक महत्त्वाचं काम करायचं होतं, आणि त्याला कारण तीच बदनाम रेकॉर्डिंग. एकदा मी ती एकटाच पुन्हा ऐकली. या वेळी चिडलेला नव्हतो, त्यामुळे आवाजांऐवजी मधल्या शांतता ऐकू आल्या. सलग घोरणं, मग एकदम काहीच नाही, मी मोजलं तर १२ ते १५ सेकंद, आणि मग पाण्याखालून वर आल्यासारखा एक मोठा श्वास. पुन्हा घोरणं. पुन्हा तसंच. हे मी तिला सांगितलं, आणि तिच्याच परवानगीने ती रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवली.

वेगळं झोपायचा विचार करणाऱ्यांना मी हेच आधी सांगेन. झोपेत घशाची वाट पूर्ण किंवा बरीचशी मिटून श्वास अडकण्याच्या त्रासाला स्लीप ॲप्निया म्हणतात. ज्याला तो असतो त्याला तो कळत नाही, कारण तो झोपलेला असतो. कळतो तो शेजारच्याला. म्हणजे खोली बदलताना तुम्ही एकमेव साक्षीदार काढून घेता. आवाज बंद झाला म्हणून दोघंही खूश, आणि आजार मात्र बंद दाराआड निवांत वाढतो. बायकांमध्ये तो सुटून जायची भीती जास्त, कारण त्या बऱ्याचदा घोरण्याची तक्रार घेऊन जातच नाहीत. सकाळी डोकं जड होणं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं, रात्री मधेच जाग येणं, असं सांगतात, आणि ते वयावर किंवा दगदगीवर ढकललं जातं. माझ्या बायकोला सकाळची डोकेदुखी सहा-सात महिन्यांपासून होती. आम्ही चष्म्याचा नंबर तपासून आलो होतो.

तपासणी घरीच झाली. छातीभोवती एक पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, आणि हे सगळं लावून नेहमीसारखं झोपायचं. त्यातून तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला हे मोजतात, आणि निदान १० सेकंद टिकलेला अडथळाच धरतात. तासाला ५ पर्यंत म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र. तिचा सरासरी आकडा ९ आला. पण अहवालात आणखी एक ओळ होती: उताणी असताना २१, कुशीवर असताना ४. म्हणजे तिचा त्रास बहुतेक पाठीवर झोपण्यातून होता. उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे ओघळतात आणि वाट आणखी अडते. तासाला ३० वगैरे आकडा असता तर हवेचा दाब देणारं मशीन रोज लावावं लागलं असतं. डॉक्टरांनी तिला आधी कुशीवर झोपायची सवय करायला सांगितली, पाठीशी एक घट्ट लोड ठेवून, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

लोडाने डोकेदुखी गेली. घोरणं निम्म्याने कमी झालं, थांबलं नाही. कुशीवरही माणूस घोरू शकतो, आणि मला निम्मंही पुरत होतं. मग आम्ही ठरल्याप्रमाणे महिना सुरू केला.

जायचं कुणी, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. घोरणाऱ्याला बाहेर पाठवलं तर ती हद्दपारी. म्हणून मी गेलो, कारण झोपेची गरज माझी होती. पण कपड्यांच्या ढिगाऱ्यात झोपणारा माणूस तात्पुरता पाहुणा दिसतो, आणि चार दिवसांनी त्याला स्वतःलाच आपण शहीद असल्यासारखं वाटायला लागतं. कपड्यांना दुसरी जागा केली, चांगली गादी घेतली, उशाशी दिवा लावला. मोठा बिछाना मात्र ‘आपला’ राहिला, ‘तिचा’ झाला नाही. माझी एक उशी तिथे कायमची ठेवली. ही कल्पना तिची.

पहिला आठवडा मी वाईट झोपलो! आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी तीनला जागा. दिवाणावर त्या पहिल्या रात्री लागलेली झोप थकव्याची होती. नवीन जागेत मेंदू काही रात्री अर्धवट जागाच राहतो, आणि माझी वाट बघायची सवय मी उशीबरोबर इकडे घेऊन आलो होतो. मी कागदावर रोज तीनच गोष्टी लिहायचो: झोपलो कधी, किती वेळा जाग आली, उठलो कधी. आधीच्या आठवड्यांत सरासरी पाच तास आणि चार वेळा जाग होती. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी साडेसहा तास आणि एकदा जाग. पहिल्या चार रात्रींवरून निकाल लावला असता तर आम्ही सगळंच सोडून दिलं असतं.

लेकीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. सोळा वर्षांची मुलगी, तिला काय कळणार, असं दोघांनाही वाटलं, ते का वाटलं देव जाणे. पाचव्या दिवशी तिने मला एकट्याला गाठून विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं वेगळे होताय का?" ती दोन रात्री रडली होती. संध्याकाळी तिघं बसलो आणि तिच्या आईनेच सांगितलं, "मी घोरते, बाबाला झोप लागत नाही, म्हणून तो तिकडे झोपतो. बाकी सगळं तसंच आहे." जो शब्द चार भिंतींत उच्चारता येत नव्हता तो तिने लेकीसमोर इतक्या सहज उच्चारला की मी तिच्याकडे बघतच राहिलो. लेक म्हणाली, "आई, तू घोरतेस हे मला दोन वर्षांपासून माहितीये."

जवळीक टिकवायचा आमचा रोजचा बेत साधा होता. साडेनऊला दोघंही मोठ्या बिछान्यावर, फोन बाहेर, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. बोलायचं, नाही बोललो तरी चालेल, पण अंगाला अंग लागलेलं हवं. सव्वादहाच्या सुमाराला मी "येतो" म्हणून उठायचो. सकाळी मला आधी जाग येते, तेव्हा मी परत येऊन तिच्याशेजारी दहा मिनिटं पडायचो. शनिवारी रात्री एकत्रच झोपायचं, रविवारी कुणालाच गजर नाही. याला थोडी पुस्तकी पुष्टीही मिळाली. 2020 साली जर्मनीत १२ तरुण जोडप्यांची झोप यंत्रांनी तपासली होती, त्यात शेजारी झोपल्यावर स्वप्नांची झोप वाढली आणि कमी तुटली असं दिसलं. जोडपी मोजकी, आणि तरुण, निरोगी. आमच्यासारख्या घोरणाऱ्या पन्नाशीला ते कितपत लागू पडतं कोण जाणे, पण शनिवार सोडायचा नाही याला मला तेवढं निमित्त पुरलं.

दुसऱ्या महिन्यात घसरगुंडी झाली, आणि ती इतकी हळू की कळली नाही. मला झोपेची चटक लागली होती. चाळीस मिनिटांची वीस झाली. मग मी फोन घेऊनच यायला लागलो. मग "आज दमलोय" म्हणून थेट पलीकडे. सकाळचं परत येणं बंद पडलं, कारण आता मीही उशिरापर्यंत झोपत होतो. एका रात्री ती दारात येऊन म्हणाली, "तू हल्ली झोपायला जात नाहीस, निघून जातोस." मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मनात मोजलं. तिला शेवटचं जवळ घेतल्याला नऊ दिवस झाले होते. एका बिछान्यात झोपत होतो तेव्हा भांडलो तरी रात्रीत कधीतरी पाय पायाला लागायचा. तो फुकटचा स्पर्श बंद झाला की प्रत्येक स्पर्श कुणीतरी उठून करावा लागतो. आणि ते उठणं रोज एकाच माणसाच्या वाट्याला आलं की तो मागणारा होतो, दुसरा देणारा. दोन महिने ती उठत होती.

शरीरसंबंधांचंही तसंच झालं. पूर्वी ते आपसूक, न बोलता व्हायचे. आता मधे दार होतं, आणि दार ओलांडून आलेल्या माणसाचा हेतू लपत नाही. नकार द्यायचा तर तोही स्पष्ट द्यावा लागे, आणि खोलीभर चालत येऊन ऐकलेला नकार शेजारच्या उशीवरून ऐकलेल्यापेक्षा जड वाटतो. त्यामुळे दोघंही जाणंच टाळू लागलो. यातून आम्ही काढलेली वाट ऐकायला हास्यास्पद आहे. पलीकडे जायचं ते बहुतेक वेळा काहीही न मागता जायचं. नुसतं पाच मिनिटं बसायला, पाय दाबून द्यायला, दिवसभरात सांगायचं राहिलेलं सांगायला. तशा दहा फेऱ्या झाल्या की अकरावीच्या मागे काय आहे याचं ओझं राहत नाही, आणि "आज नको" हे साधं वाक्य होतं. आणि चाळीस मिनिटं पुन्हा चाळीस केली. आता ती ठरवायची पाळी आठवड्याआड बदलते, म्हणजे बोलवायचं काम एकाच्याच गळ्यात पडत नाही.

मधे मेव्हणी चार दिवस राहायला आली, तेव्हा माझी खोली गेली आणि आम्ही एकत्र झोपलो. पहिल्या रात्री मला तीनला जाग आली तर बायको टक्क जागी, लोड पाठीशी घट्ट, अंग आवळलेलं. पुन्हा तीच जुनी शिक्षा ती स्वतःला देत होती. मी म्हटलं, "झोप. घोरलीस तर घोरलीस. मी उद्या दुपारी झोपेन." पाच मिनिटांत ती घोरायला लागली. मी जागा होतो, पण वाट बघत नव्हतो, आणि दोन्हींत केवढा फरक आहे ते त्या रात्री कळलं. अजूनही महिन्यातून एखाद्या शनिवारी मी मुद्दाम थोडा वेळ जागा राहून तिच्या श्वासातल्या शांतता मोजतो. तिला सांगून. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत आकडा ५ च्या खाली आला, पण लोड सरकला किंवा वजन वाढलं तर तो परत चढू शकतो, आणि तो चढल्याचं आता दुसरं कुणी सांगणार नाही.

सहा-सात महिने झाल्यावर एका रात्री त्या चाळीस मिनिटांत ती सहज म्हणाली, "एक सांगू? तू गेल्यापासून मलाही चांगली झोप लागते."

"म्हणजे?"

"तू किती कूस बदलायचास. आणि दर तासाला घड्याळ बघायला फोन उचलायचास. तो उजेड थेट माझ्या डोळ्यांवर."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

आम्ही इतके हसलो की पलीकडून लेकीने भिंतीवर थाप मारली. मी वर्षभर तिला कसं सांगू याची जुळवाजुळव करत होतो, आणि ती तेवढाच काळ मला न सांगण्याची.

गेल्या आठवड्यापासून तीच पलीकडच्या खोलीत झोपते. तिला तिथली खिडकी आवडली आहे, आणि नवी गादी जुनीपेक्षा बरी आहे हे मी इतके दिवस तिच्यापासून लपवलं होतं. मोठ्या बिछान्यावर आता मी एकटा. काल सव्वादहाला ती उठली, तिची एक उशी तिथेच ठेवली, दुसरी काखेत मारली. दारापर्यंत गेली, थांबली, आणि न वळताच म्हणाली, "येते रे."